आधी संत्र्यांची चौकशी

‘साहेब निवृत्त झाले. यापुढे काय हवं ते थेट कळवावं.’ गेल्या आठवड्यात हुआंगयानहून एवढंच उत्तर आलं, आणि माझी तीन परिच्छेदांची मेल चुकीच्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखी ओशाळली.

हुआंगयान हा झेजियांग प्रांतातला जिल्हा. आमचे साचे तिथूनच येतात. प्लॅस्टिकच्या साच्यांसाठी प्रसिद्ध, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून संत्र्यांसाठी. निवृत्त झालेल्या त्या साहेबांनी मला पहिल्यांदा जेवायला नेलं तेव्हा जेवण संपेपर्यंत साच्याचं नावसुद्धा निघालं नाही. संत्रं सोलत ते माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत राहिले. भाव वाढवून हवाय हे त्यांनी सांगितलं गाडीचं दार लावता लावता. त्या दाराचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

पुढे मीही त्याच चालीनं लिहायला लागले. यंदाच्या जानेवारीतलंच घ्या. टी-वन म्हणजे पहिल्या ट्रायलचे नमुने भोसरीत आमच्याकडे आले आणि झाकणाच्या गुळगुळीत बाजूवर खळगे दिसले. आतली रिब जिथे भिंतीला मिळते तिथे प्लॅस्टिक जाड होतं, उशिरा थंड होतं आणि आत ओढलं जातं. ड्रॉइंगवर रिब १.५ मिलिमीटर, नमुन्यावर भरली १.९. आता साच्यात पोलाद कोरून काढणं सोपं, भरणं अवघड. रिब पातळ करायची म्हणजे वेल्डिंग करा नाहीतर इन्सर्ट बसवा. हे सगळं हुआंगयानवाल्यांनी स्वखर्चानं करावं, ही माझी मागणी, तेही १७ फेब्रुवारीच्या चिनी नववर्षाआधी. कामगार सुट्टीच्या आधीच गावाकडे निघू लागतात, आणि मग कितीतरी दिवस कारखान्यात कुणी नसतं.

आमच्या कंपनीत मेल-लेखन शिकवायला एक गृहस्थ येतात. मागणी पहिल्या ओळीत, हा त्यांचा मंत्र. त्यांच्यावर माझा जुना राग आहे. त्यांच्या पद्धतीनं ती मेल सुरू झाली असती ‘तुमची चूक दुरुस्त करा’ अशी, आणि उत्तर आलं असतं ‘बघतो’. हे ‘बघतो’ बहुतेक वेळा नकारच असतो.

मी आधी आडनाव आणि हुद्दा लिहिला. तिकडे मालकाचं आडनाव वांग असेल तर हाक ‘वांग झोंग’ अशी, नुसतं पहिलं नाव नाही. मग यंदा संत्री कशी आली ते विचारलं. मग नमुने वेळेवर पोचले आणि पॉलिश उत्तम आहे हे लिहिलं. पॉलिश खरंच उत्तम होतं. मग आमच्या गिऱ्हाइकाची तारीख. त्यानंतर ‘आम्ही मोजलं तेव्हा १.९ भरली’ एवढंच, चूक कुणाची ते नाही. आणि शेवटी, सुट्टीआधी जमवता येईल का? खुणा केलेलं ड्रॉइंग आकड्यांसकट सोबत जोडलं, कारण सौजन्यात मिलिमीटर हरवून चालत नाही. इन्सर्ट बसला. बिल आलं नाही.

अँडी कर्कपॅट्रिक नावाच्या भाषाभ्यासकानं रेडिओ ऑस्ट्रेलियाच्या चिनी विभागाकडे आलेली श्रोत्यांची विनंतीपत्रं तपासली आणि १९९१ साली त्यावर लिहिलं. क्रम हाच सापडला: अभिवादन, गोड प्रस्तावना, कारणं, मग मागणी. त्याच्याही मागे जायचं तर दुनहुआंगच्या गुहेत पत्रांचे तयार नमुने मिळाले आहेत. त्यातला एक इ. स. ८५६ चा, आदल्या रात्री दारू पिऊन केलेल्या गैरवर्तनाबद्दल यजमानांची माफी मागायचा. त्याचा माझ्या साच्याशी काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अर्थात ही चाल सगळीकडे चालत नाही. मशीन बंद पडलेलं असताना हवापाण्याच्या गप्पा मारल्या तर चिनी मंडळींनाही चीड येते. शेन्झेनच्या तरुण पोरांशी मेल फारशी होतच नाही. वीचॅटवर ‘नमस्कार’ आणि लगेच काम. सणाच्या शुभेच्छा कॅलेंडर बघून चिकटवणाऱ्यांचं तर हसंच होतं. एप्रिलमधला छिंगमिंग हा पूर्वजांच्या थडग्यांवर जायचा दिवस, आणि आमच्याकडच्या एकानं त्यांना ‘आनंदी छिंगमिंग’ धाडलं होतं.

चिनी मंडळींच्या मेल वाचायची युक्तीही मागणी शेवटी ठेवायच्या या चालीतूनच सापडते. ‘आणखी एक’ असं म्हणून शेवटी जे येतं, मेल त्याच्याचसाठी लिहिलेली असते. मी तळापासून वर वाचते.

ही सवय मात्र चीनची नाही, आमच्या मामांची आहे. वडील त्यांना पोस्टकार्ड लिहायचे. कृ. सा. न. वि. वि., मग पाऊस, मग ज्वारी, मग म्हशीचं दुखणं. पैशाची गोष्ट यायची तोवर कार्ड भरून गेलेलं असायचं, म्हणून ती समासात उभी, मुंगीच्या अक्षरात. मामांच्या हातात कार्ड पडलं की ते आधी आडवं धरायचे. समास वाचायचे, मामीला कपाटाची किल्ली मागायचे, आणि मग खुर्चीत नीट बसून म्हशीचं काय झालं ते वाचायला घ्यायचे.