लेकराच्या मापाचा अभ्रा

आमच्या शहागडातल्या शेजारच्या सूनबाईचा नवरा फौजेत आहे. त्याचा वाढदिवस २० फेब्रुवारीला. तिच्या हाताशी होते तीनशे रुपये. ज्या संकेतस्थळावर तिनं आधी वस्तू पाहिली, तिथं त्याचा पत्ताच घेतला गेला नाही. "बाई, फोनवर तर रोजच बोलतो आम्ही. मग वेगळं काय पाठवावं?" असं तिनं विचारलं, आणि प्रश्न मला आवडला.

तो गेला तेव्हा लेकरू चार महिन्यांचं होतं, आता दहा महिन्यांचं झालंय. व्हिडिओ कॉलवर त्याला चेहरा दिसतो, पहिले दात दिसतात, पण माप कळत नाही. पडद्यावर चार महिन्यांचं आणि दहा महिन्यांचं लेकरू सारखंच बोटभर. म्हटलं, मग मापच पाठवू. बाजारात मिळणारी उशी साधारण सत्तावीस इंच लांब असते, आणि या वयाचं मूल त्याच्याच आसपास. म्हणून ठरलं की उशीचा अभ्रा करायचा आणि त्याची लांबी म्हणजे लेकराची उंची.

मूल मोजायला दोन माणसं लागतात. त्याला सतरंजीवर उताणं निजवायचं, टाळू भिंतीला टेकवायची, एकीनं डोकं धरायचं आणि दुसरीनं गुडघे हलकेच सरळ करून टाचेपाशी खूण करायची. एकदा मोजून भागत नाही, कारण लेकरू आखडून घेतं. आम्ही तीनदा मोजलं आणि दोनदा जुळलेलं माप धरलं: अठ्ठावीस इंच.

कापड तिच्याच जुन्या सुती साडीचं. साडी धुऊन धुऊन आटलेली होती, पण आतून लावायचं पॉपलीन नवं, म्हणून ते आधी रात्रभर भिजवून वाळवलं. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. दोन थरांवर गोधडीसारखा धावदोरा घातला की कापड गोळा होतं आणि इंचभर सहज कमी भरतं. आधी बेतून मग टाके घातले तर माप चुकणार, आणि इथं तर मापालाच किंमत. म्हणून आधी धावदोरा घातला, मग कापड सपाट अंथरून साडेएकोणतीस इंच कापलं: अर्धा इंच शिवणीला, एक इंच तोंडाच्या दुमडीला. एका कोपऱ्यात लेकराचा पंजा पेन्सिलीनं आखून त्यावर लाल दोऱ्याचा साखळी टाका घातला. दोरा रंग सोडतो का, हे ओल्या पांढऱ्या चिंधीनं घासून आधी पाहिलं होतं.

आता टपाल. फौजेच्या पत्त्यावर गावाचं नाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ (पूर्वेकडं ९९ एपीओ) आणि ९ नं सुरू होणारा पिनकोड, एवढंच. आपल्याला ठाऊक आहे म्हणून ठिकाणाचं नाव घालू नये. ते गुप्त ठेवायचं असतं, शिवाय टपाल भलतीकडं जाऊ शकतं. दर मात्र देशातलाच. अभ्रा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्यावर मांजरपाट शिवलं आणि पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवली. कापड, दोरे आणि टपाल मिळून दोनशे साठ रुपये झाले.

पार्सल १२ जानेवारीला टाकलं. पण बर्फाच्या दिवसांत ते नेमक्या तारखेला पोचेल असं कोण सांगणार? म्हणून उरलेल्या चाळीसातून आठ अंतर्देशीय पत्रं आणली. एकाला अडीच रुपयेच पडले. आत काही घालायला परवानगी नसते, पण कागदावर आखायला कोण अडवतं? दर तीन-चार दिवसांनी एक पत्र टाकलं. कशात पावलाची आखणी, कशात घरातली एखादी साधी बातमी. एकदमच टाकली असती तर एकदमच अडकली असती. अशी टाकल्यावर एखादं तरी वाढदिवसाच्या आगेमागे हाती पडणारच.

झालंही तसंच. २० तारखेपर्यंत तीन पत्रं पोचली, अभ्रा २६ ला. त्या रात्री तो फोनवर फारसं बोललाच नाही. "एवढा लांब झाला?" एवढंच दोनदा म्हणाला.

तोवर लेकरू आणखी थोडं वाढलं असणार, हे आम्हालाही कळत होतं. अभ्र्यावर जानेवारीचं माप आहे. मे महिन्यात तो सुट्टीवर येताना अभ्रा बरोबर आणणार आहे. लेकराला त्यावर निजवून टाचा कुठवर बाहेर येतात, ते तो स्वतः मोजणार म्हणतो.