तीन पानांचा राजीनामा

शाळेच्या कार्यालयात लिपिकी करण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे निवृत्तीनंतरही वाशिम, रिसोड, मालेगावकडचे शिक्षक कागद तपासून घ्यायला घरी येतात. राजीनाम्याचा मसुदा असला की पानं मोजायचीही गरज नसते. पाकीट हातात घेतलं तरी राग किती ते कळतं.

गेल्या दिवाळीनंतर रिसोड तालुक्यातले एक सर आले. खाजगी अनुदानित शाळेत कायम, चौदा वर्षांची सेवा, आता दुसरीकडे काम ठरलेलं. मसुदा तीन पानी. सुरुवातच अशी : ‘या संस्थेत मी चौदा वर्षे बैलासारखा राबलो, पण माझी किंमत कोणी केली नाही.’ आणि शेवट : ‘त्रासाला कंटाळून आजपासून राजीनामा देत आहे.’

मी आधी शेवटाकडे वळलो, कारण पैसे तिथे जातात. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांना १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. नियम ४० प्रमाणे कायम कर्मचाऱ्याला तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कायम नसलेल्याला एका महिन्याची. नोटीस कमी पडली तर तेवढ्या काळाचं मूळ वेतन भरावं लागतं. म्हणजे रागाच्या भरात लिहिलेल्या ‘आजपासून’ या एका शब्दाची किंमत तीन महिन्यांचं मूळ वेतन! शिवाय ज्यांना सुट्टी मिळते त्यांना सुट्टीत नोटीस देता येत नाही आणि नोटिशीच्या काळात सुट्टीचा एक दिवसही यायला नको. पहिलं सत्र सुरू झाल्यावर महिनाभर तर नोटीस देताच येत नाही. दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळ्याची सुट्टी यांच्या मधोमध जागा शोधली, की डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने सरळ बसतात. सरांचं तेच ठरवलं.

मग पहिल्या पानावर आलो. माझी रीत अशी, की कडू वाक्य नुसतं खोडायचं नाही, त्यात खरी माहिती कोणती ते बघायचं. पहिल्या वाक्यात ‘चौदा वर्षे’ एवढंच खरं, तेवढं ठेवलं. पुढे होतं, ‘दहावीचे गणित दरवर्षी माझ्याच गळ्यात मारले.’ मी विचारलं, ‘‘सर, दहावीला शिकवायला आवडायचं की नाही?’’ ते म्हणाले, ‘‘आवडायचं ना, तेवढंच तर आवडायचं.’’ झालं, आभाराचं वाक्य मिळालं. खरोखर घडलेल्या गोष्टीचे आभार मानले की ते खोटे वाटत नाहीत. ‘संस्थेच्या मायेच्या छत्राखाली’ वगैरे लिहिलं असतं तर सचिवांनाही हसू आलं असतं.

उरलं ते असं :

‘मा. सचिव यांस, मार्फत मुख्याध्यापक. मी या विद्यालयात चौदा वर्षे गणित शिक्षक म्हणून कार्यरत आहे. सेवेचा राजीनामा देत असून, नियमानुसार तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस दि. १ डिसेंबर २०२५ पासून गृहीत धरावी. दि. २८ फेब्रुवारी २०२६ हा माझ्या सेवेचा शेवटचा दिवस राहील. तोपर्यंत दहावीचा अभ्यासक्रम व सराव परीक्षा पूर्ण करून नोंदी आपण सांगाल त्यांच्या स्वाधीन करीन. दहावीचे वर्ग विश्वासाने सोपविल्याबद्दल आभारी आहे.’

‘आभारी आहे’च्या पुढे ‘माझे काहीही येणे बाकी नाही’ असं एक वाक्य सर नम्रपणाने जोडत होते. ते मी काढलं. नम्रता ठीक, पण येणं असेल तर ते कशाला सोडायचं?

अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत नोंदणी करून टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी आपल्याजवळ ठेवायची. १ डिसेंबरच्या आत पोचावं म्हणून २४ नोव्हेंबरलाच टाकायला सांगितलं.

एक सावधगिरी मात्र मी नेहमी बाळगतो. कोणी दडपण आणून राजीनामा लिहून घेत असेल, तर मी त्याला गोड शब्द देत नाही. ‘स्वखुशीने’ असं त्याच्या हातून गेलं की पुढे न्यायाधिकरणात तोच कागद त्याच्या विरोधात उभा राहतो. तशा माणसाला मी सहीच करू नका म्हणतो आणि वकिलाकडे धाडतो. या सरांवर तसं दडपण नव्हतं, हे आधी दोनदा विचारून घेतलं होतं.

सर कागद वाचून म्हणाले, ‘‘मंग बाकीचं सारं गिळूनच टाकू काय?’’

बाकीच्यात बहुतेक टोमणे होते, पण दुसऱ्या पानावर एक गोष्ट वजनाची होती : पर्यवेक्षकाच्या पदोन्नतीत त्यांना डावलून कनिष्ठाला घेतलं होतं. यावर कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, मुदत तीस दिवसांची. ती कधीच उलटली होती. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफ करू शकतं, पण ‘राग गिळून बसलो होतो’ हे काही तसं कारण नव्हे. तेवढा परिच्छेद मी कापून, ज्येष्ठता यादीची प्रत सोबत जोडून, वकिलाला दाखवायला वेगळा दिला. राजीनाम्यात तो असता तर संस्थेने नुसता फाइलला लावला असता.