लेहला दम का लागतो? पाचवीच्या वर्गातल्या एका प्रश्नाचं उत्तर

मागच्या वर्षी पाचवीला परिसर अभ्यास शिकवताना मी सहज एक वाक्य बोलून गेले, "उंच डोंगरावर हवेत ऑक्सिजन कमी असतो, म्हणून तिथे दम लागतो." मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, मग ऑक्सिजनच्या जागी काय जास्त असतं? नायट्रोजन?" मी "बहुतेक हो" म्हटलं आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

ते "बहुतेक हो" चुकीचं होतं. ते मला कळलं मे महिन्याच्या सुट्टीत, लेहमध्ये.

आम्ही दोघं तसे चालणारे. कळसूबाई तीनदा झालंय. माझे मिस्टर तर रोज पहाटे पाच किलोमीटर पळतात. त्यामुळे विमानाने लेहला उतरलो त्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला निघालो. पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. शंभर पायऱ्यांतच मी कठड्याला धरून उभी राहिले. छाती धाडधाड उडत होती. घड्याळ लावून श्वास मोजले तर मिनिटाला चाळीस! शाळेचे दोन जिने भरभर चढल्यावरही माझे पंचवीसच्या वर जात नाहीत. हे माझ्या पुढे चार पायऱ्यांवर बसलेले. म्हणाले, "अगं, पाय दुखत नाहीयेत, पण उचलतच नाहीत."

असं का झालं, ते आता सांगते.

हवेत ऑक्सिजनचा वाटा मुंबईच्या किनाऱ्यावर २१ टक्के आणि लेहलाही २१ टक्केच. नायट्रोजनही दोन्हीकडे ७८ टक्के. म्हणजे मिश्रण तेच आहे, पण हवा विरळ आहे. आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन खालच्या हवेला दाबून ठेवतं. लेह साधारण ३५०० मीटर उंचीवर आहे. तिथे डोक्यावर हवा कमी, म्हणून दाबही कमी. समुद्रकिनाऱ्यावर वायुदाब ७६० मिलिमीटर पारा असतो, लेहला सुमारे ५००. त्यात ऑक्सिजनचा २१ टक्के वाटा काढला तर किनाऱ्यावर १६० येतो आणि लेहला १०५.

हा दाब महत्त्वाचा का? फुफ्फुसातला ऑक्सिजन रक्तात जातो तो दाबाच्या फरकामुळे. गच्चीवरची टाकी उंच असेल तर नळाला जोरात धार येते, टाकी खाली आणली तर तोच नळ, तेच पाणी, पण धार बारीक. लेहला आपली ऑक्सिजनची टाकी खाली आलेली असते.

मग कळसूबाईवर हे का जाणवलं नाही? कळसूबाईची उंची १६४६ मीटर. तिथेही दाब कमी होतो, पण रक्तातलं हिमोग्लोबिन थोडा दाब कमी झाला तरी जवळजवळ पूर्ण भरतं. एका मर्यादेनंतर मात्र ते भराभर रिकामं राहायला लागतं. आमच्याकडे कोरोनाच्या काळातला ऑक्सिमीटर होता. घरी माझं माप ९८ यायचं. लेहला हॉटेलात शांत बसून ८८ आलं आणि त्या पायऱ्यांवर ८१. चढताना ते आणखी उतरतं, कारण हृदय जोरात धडधडतं, रक्त फुफ्फुसातून घाईने पुढे जातं आणि त्याला ऑक्सिजन भरून घ्यायला पुरेसा वेळ मिळत नाही.

आता दमाकडे येऊ. एक पायरी चढायला शरीराला जेवढा ऑक्सिजन लागतो, तेवढाच लेहलाही लागतो. वजन तेच, पायरीची उंची तीच. पण एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन दोन तृतीयांश. मानेतल्या धमन्यांजवळ छोटे संवेदक असतात, ते रक्तातला ऑक्सिजन घटला की मेंदूला कळवतात आणि श्वास वाढतो.

श्वास वाढवून सगळी तूट मात्र भरत नाही. समजा, घरी माझी जास्तीत जास्त मेहनत करण्याची क्षमता १०० आहे आणि पायऱ्या चढायला त्यातले ६० लागतात. लेहच्या उंचीवर ही क्षमता साधारण पाव हिश्श्याने घटते, म्हणजे ७५ उरते. पायऱ्यांना लागणारे ६० तसेच राहतात. घरी मी माझ्या ताकदीच्या ६० टक्क्यांवर चढत होते, इथे त्याच वेगाने ८० टक्क्यांवर. चालणं तेच, पण शरीराला ते पळण्यासारखं वाटतं. स्नायू लवकर थकतात आणि पाय जड होतात.

स्नायू स्वतः कमजोर झालेले नसतात. यांनी आमची वीस किलोची बॅग एका झटक्यात उचलून कपाटावर ठेवली, घरच्यासारखीच. एका झटक्याच्या कामाला स्नायूतला साठा पुरतो, तेवढ्यापुरता ऑक्सिजन लागत नाही. पण तीच बॅग तिसऱ्या मजल्यावर नेताना ते दोनदा थांबले.

त्या रात्री यांचं डोकं दुखायला लागलं. जेवण नको, मळमळ. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला या खिंडीत जायचं ठरलं होतं, ५३०० मीटरच्या वर. गाडीचे पैसे भरलेले. हे म्हणाले, "मी रोज पळतो, मला काही होत नाही." हॉटेलच्या मालकांनी शांतपणे सांगितलं, "सर, पळणारेच आधी घाई करतात. डोकं दुखतंय तोवर वर जायचं नाही." हे अगदी खरं आहे. रोजच्या व्यायामाने हृदय आणि स्नायू तयार होतात, पण उंचीच्या आजारापासून त्याने संरक्षण मिळत नाही. बसल्या जागी दम लागला, चालताना तोल गेला किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर वाट न बघता खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. आमचं सुदैवाने डोकेदुखीवर भागलं.

दोन दिवस नुसता आराम केला. या काळात शरीर काय करतं? जोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, त्यामुळे रक्ताची आम्लता कमी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडं काही दिवसांत हा बिघडलेला तोल सावरतात, मग लगाम सैल होतो आणि श्वास मोकळेपणाने वाढतो. तिसऱ्या दिवशी डोकं थांबलं, ऑक्सिमीटर ९२ दाखवायला लागला. चौथ्या दिवशी खारदुंग लाला गेलो, तिथे थोडा वेळच थांबलो आणि परत उतरलो.

येताना लेहमध्ये पाण्याची एक रिकामी बाटली झाकण घट्ट लावून बॅगेत टाकली. पालघरला घरी काढली तेव्हा ती चेपलेली होती. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर तीच बाटली घेऊन सहावीच्या वर्गात गेले, कारण ती मुलगी आता सहावीत आहे. म्हटलं, "मागच्या वर्षी मी तुला चुकीचं उत्तर दिलं होतं. नायट्रोजन जास्त नसतो. सगळीच हवा विरळ असते. ही बघ, लेहची हवा. इथल्या हवेने तिला दाबून टाकलं."

तिने बाटली हातात फिरवली, झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली आणि बाटली टणकन फुगली. ती म्हणाली, "म्हणजे बाई, एका श्वासात एवढीच हवा मिळायची तुम्हाला?"

"एवढीच," मी म्हटलं. या वेळी "बहुतेक" म्हणावं लागलं नाही.