पुसट तक्ता आणि एक पत्र : अभिलेखागाराकडे स्पष्ट प्रत कशी मागावी?

१/ इंदापूर तालुका. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधला, पण पावसाच्या बाबतीत कायम बेभरवशाचा प्रदेश. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी येथे तीस वर्षांच्या मुदतीची नवी जमीनमहसूल पद्धत लागू केली. तिच्या आधी प्रिंगल यांची आकारणी होती. ती रयतेला झेपली नाही, बाकी साचत गेली आणि शेते पडीक पडली. एवढे बहुतेक अभ्यासकांना ठाऊक असते. आजचा थ्रेड या इतिहासाच्या एका लहान भागाविषयी आहे : त्या काळातील एका तक्त्यातील चार चौकटी आणि त्यांच्यासाठी लिहिलेले एक पत्र.

२/ एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न असा : प्रिंगल यांच्या आकारणीच्या वर्षांत सरकारने जी सूट दिली, ती गावागावांत सारख्या प्रमाणात दिली का? उत्तर गाववार तक्त्यात होते. तक्ता हस्तलिखित, कंपनी सरकारच्या कारकुनाच्या इंग्रजी अंकांतला. तिच्या हाती मात्र मायक्रोफिल्मवरून काढलेली प्रत होती आणि नेमक्या हव्या त्या चौकटी तीत पुसट होत्या.

३/ तिचे पहिले पत्र दोन ओळींचे होते : "सदर पृष्ठ अस्पष्ट आहे, कृपया स्पष्ट प्रत पाठवावी." तीन आठवड्यांनी उत्तर आले, सोबत तीच प्रत. यात कोणाचा दोष काढण्यासारखे काही नव्हते. पुरवठा विभागापाशी त्या पृष्ठाची तीच एक प्रतिमा होती आणि पत्रात मूळ कागदाकडे परत जाण्याचे कोणतेही कारण दिलेले नव्हते. "अस्पष्ट" या शब्दावरून शाई विटली आहे की छायाचित्र बिघडले आहे, हे कळत नाही. आणि सारे काही त्यावरच अवलंबून असते.

४/ मग हे ओळखायचे कसे? प्रत मोठी करून कोऱ्या जागेकडे पाहावे, अक्षरांकडे नंतर. कागदाचा पोत, डाग, मागच्या पानाची उमटलेली शाई अशा फिकट खुणा प्रतीत दिसत असतील आणि तरीही अंक दिसत नसेल, तर बहुधा शाईच उडालेली असते. उलट कागद स्वच्छ पांढरा, अक्षरे गडद काळी आणि त्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या तुटक दिसत असतील, तर प्रत केवळ काळ्या-पांढऱ्यात केलेली असते. अशा प्रतीत मधल्या छटांना जागाच नसते. फिकट तपकिरी रेघ "पांढरी" ठरते आणि नाहीशी होते. मूळ कागदावर ती असू शकते.

५/ शाईचा प्रकारही येथे महत्त्वाचा ठरतो. आपल्याकडील मोडी कागदपत्रांत बहुधा काजळीची शाई असते. ती उजेडाने विटत नाही, पण पाण्याने धुऊन जाते. इंग्रजी दप्तरात पुष्कळदा लोह आणि मायफळासारख्या तुरट द्रव्याची शाई आढळते. ती आधी काळी असते आणि काळाने तपकिरी होत जाते. म्हणून एकाच पानावर घट्ट शाईतले अंक ठळक राहतात आणि पातळ शाईतले फिके पडतात. विद्यार्थिनीच्या प्रतीत कागद अगदी स्वच्छ होता आणि कडा तुटक होत्या. अर्थात हानी बहुधा प्रतीची होती, मूळ पानाची नव्हे. दुसऱ्या पत्राचा पाया येथे तयार झाला.

६/ पण पत्राआधी आणखी एक काम होते : ताळा. हिशेबाचा तक्ता स्वतःच स्वतःची साक्ष देत असतो. प्रत्येक ओळीत आकार = वसूल + सूट + बाकी, आणि प्रत्येक रकान्याखाली बेरीज. रीत कळावी म्हणून येथे चार गावांचा एक कल्पित तक्ता घेऊ. गावे आणि आकडे समजुतीसाठी आहेत, आणे-पै वगळले आहेत. प्रश्नचिन्ह म्हणजे न वाचता येणारी चौकट.

क : आकार ८४०, वसूल ?, सूट १२०, बाकी ६५
ख : आकार १२६०, वसूल ९३०, सूट ?, बाकी ?
ग : आकार ५७५, वसूल ४४०, सूट ८०, बाकी ५५
घ : आकार १०२५, वसूल ८१०, सूट ?, बाकी ?
एकूण : आकार ३७००, वसूल २८३५, सूट ५४५, बाकी ३२०

७/ क गावाचा वसूल प्रथम पाहू. ओळीवरून : ८४० मधून १२० आणि ६५ वजा केले की ६५५. रकान्यावरून : २८३५ मधून ९३०, ४४० आणि ८१० वजा केले, तरी ६५५. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला. या चौकटीसाठी अभिलेखागाराला त्रास देण्याची गरज नाही.

८/ आता ख आणि घ. ख ची सूट व बाकी मिळून ३३० होते, घ ची २१५. दोघांची सूट मिळून ३४५, दोघांची बाकी मिळून २००. चार अज्ञाते आणि चार नाती, म्हणजे उत्तर निघायला हवे असे वाटते. पण निघत नाही, कारण तीन नाती कळली की चौथे त्यांतूनच येते. त्यात नवीन माहिती नसते. आयताच्या चार कोपऱ्यांतील आकडे एकदम गेले की ताळा मुका होतो.

९/ आणि हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. ख ची सूट २१० धरली, तर घ ची १३५ येते. म्हणजे एका गावाला आकाराच्या सहाव्या हिश्श्याची आणि दुसऱ्याला आठव्या हिश्श्याहून थोडी अधिक सूट. फरक आहे, पण फार नाही. ख ची सूट २५० धरली, तर घ ची ९५ येते. एकाला सुमारे पाचवा हिस्सा, दुसऱ्याला दहाव्याहूनही कमी. बाकीही उलटते : पहिल्या वाचनात ख कडे १२० आणि घ कडे ८०, दुसऱ्यात ख कडे ८० आणि घ कडे १२०. दोन्ही वाचनांत सर्व बेरजा चोख जुळतात. एक वाचन म्हणते, सरकारने साधारण समान हात ठेवला. दुसरे म्हणते, एका गावाला झुकते माप दिले. प्रबंधाचे प्रकरण कोणत्या बाजूला झुकणार, हे या चार चौकटींवर ठरणार होते.

१०/ याच आकडेमोडीतून पत्राला नेमकेपणा आला. चार कोपऱ्यांपैकी एक जरी निःसंशय वाचता आला, तरी उरलेले तीन वजाबाकीने मिळतात. म्हणजे सबंध खंडाची नवी प्रत नको, सबंध तक्ताही नको. एका पृष्ठाची एक नीट प्रतिमा पुरेशी. दुसऱ्या पत्राचा मुख्य भाग असा होता :

११/ "महोदय, आपण पाठविलेल्या प्रतीबद्दल आभारी आहे. विभाग, वर्ष, खंड व पृष्ठ यांचा तपशील वर दिला आहे. तक्त्यातील दुसऱ्या व चौथ्या गावाच्या 'सूट' आणि 'बाकी' या चार चौकटी वाचता येत नाहीत. प्रतीचे चित्र जोडले असून त्या चौकटींवर खूण केली आहे. इतर सर्व अंक वाचून बेरजांशी ताडले आहेत. या चार चौकटी मात्र बेरजांवरून निश्चित होत नाहीत. प्रतीत कागदाचा पोत व डाग अजिबात दिसत नसल्याने मूळ पृष्ठावर हे अंक फिकट स्वरूपात असण्याची शक्यता वाटते."

१२/ "तरी या एकाच पृष्ठाचे मूळ कागदावरून रंगीत छायाचित्र, ४०० डीपीआय किंवा अधिक, कोणताही उजळपणा वा गडदपणा न बदलता, मोजपट्टीसह मिळावे, ही विनंती. खंड जीर्ण असल्याने छायाचित्र शक्य नसेल, तर आपल्या देखरेखीखाली ते पृष्ठ पाहण्याची परवानगी द्यावी. तेही शक्य नसेल, तर आपल्या कार्यालयातील जाणकाराने चार चौकटींत काय दिसते व काय दिसत नाही, एवढे लेखी कळविले तरी उपकार होतील. नियमानुसार शुल्क भरण्यास मी तयार आहे."

१३/ या पत्रातील दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली : "उजळपणा न बदलता". सुधारलेली प्रतिमा डोळ्यांना बरी दिसते, पण त्यात फिकट रेघेबरोबर डागही गडद होतो आणि ३ चा ८ होऊ शकतो. मूळ प्रतिमा हाती असली की सुधारणा आपल्या संगणकावर करता येते आणि कितीदाही मागे घेता येते. दुसरी : विनंतीला तीन पायऱ्या आहेत. पहिली जमली नाही, तरी उत्तर "नाही" असे एकाक्षरी येण्याचे कारण राहत नाही. याशिवाय अतिनील प्रकाशातील छायाचित्र हाही उपाय असतो. त्यात कागद उजळतो आणि लोहयुक्त शाई काळी उठून दिसते. पण त्याची सोय सर्वत्र नसते, म्हणून पहिल्याच पत्रात तो हट्ट नको.

१४/ रंगीत छायाचित्र आले. ख आणि घ यांच्या त्या चौकटी पातळ, तपकिरी शाईत आणि वेगळ्या हातच्या होत्या. बहुधा बाकीचा तक्ता भरून झाल्यावर कोणी तरी त्या भरल्या असाव्यात. आपल्या कल्पित तक्त्याच्या भाषेत सांगायचे, तर घ ची सूट स्वच्छ वाचता आली : १३५. त्यावरून ख ची सूट ३४५ - १३५ = २१०, घ ची बाकी २१५ - १३५ = ८० आणि ख ची बाकी २०० - ८० = १२०. मग ख च्या बाकीच्या चौकटीत डोळे ताणून पाहिल्यावर १, २ आणि एक बंद वर्तुळ दिसले. वजाबाकी आणि कागद यांची साक्ष जुळली. समान हात ठेवल्याचे वाचन टिकले.

१५/ तरीही एक मर्यादा उरते. वजाबाकीने मिळतो तो आकडा कारकुनाने लिहायला हवा होता तो. त्याने प्रत्यक्ष लिहिला तोच, असे नव्हे. कारकूनही चुकतात. बेरजेतील फरक ९ ने भागला जात असेल, तर दोन अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा : ६५ च्या जागी ५६ लिहिले की फरक ९ चा पडतो. फरक नेमका ५, ५० किंवा ५०० असेल, तर ३ आणि ८ यांची गल्लत तपासावी. म्हणून वाचलेला आकडा आणि काढलेला आकडा एकाच वेषात छापू नयेत.

१६/ प्रबंधातील तक्त्यात १३५ आणि १२० साधे छापले आहेत. [२१०], [८०] आणि क गावाचा [६५५] चौकोनी कंसात आहेत. खाली एक ओळ आहे : कंसातील आकडे बेरजांवरून काढलेले, मूळ पृष्ठावर अवाच्य. उद्या कोणी अधिक चांगल्या प्रकाशात ते पान उघडले, तर नेमक्या कोणत्या तीन चौकटींकडे पाहायचे, हे त्याला त्या कंसांवरून कळेल.