कसर

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, गणित नाही. तरी सातवी-आठवीच्या मुलांचं गणिताचं पुस्तक अधूनमधून चाळतो. त्यातलं एक उदाहरण मला नेहमी भेटतं. खोलीची लांबी इतकी, रुंदी इतकी, फरशीची बाजू इतकी, तर किती फरश्या लागतील? मुलं खोलीचं क्षेत्रफळ काढतात (उर्दू माध्यमात त्याला रकबा म्हणतात), त्याला फरशीच्या क्षेत्रफळाने भागतात आणि उत्तर नेहमी पूर्णांकात येतं. पुस्तकातल्या खोलीत फरशी कधी कापावी लागत नाही, फुटत तर नाहीच.

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरला आपाच्या मागच्या खोलीतली जुनी शहाबादी काढून टाइल बसवायची ठरली. दुलाभाई निवृत्त झालेले, पेन्शनवर घर. आपा म्हणाली, "तू मास्तर आहेस ना? किती पेट्या लागतील ते नीट काढून दे. कमी पडायला नकोत आणि उगाच जास्त पण नकोत." तिची भीती खरी होती. शेजारच्या घरात दोन टाइल कमी पडल्या होत्या. नंतर त्याच नावाच्या आणल्या, पण त्यांचा रंग किंचित पिवळट निघाला. त्या दोन टाइल आजही खोलीत शिरल्या शिरल्या दिसतात.

आधी माप घेतलं. माप एकदाच घेऊन भागत नाही. लांबी दोन्ही भिंतींजवळ आणि मधोमध, रुंदीही तशीच, म्हणजे सहा वेळा टेप लावायचा. जुन्या घराच्या भिंती समांतर असतातच असं नाही. आपाच्या खोलीत एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला पाऊण इंचाचा फरक निघाला. अशा वेळी मोठं माप धरायचं, कारण टाइल कापून लहान करता येते, ताणून मोठी करता येत नाही. मोठी मापं आली 13 फूट 2 इंच आणि 11 फूट 1 इंच. म्हणजे 401 सेंटीमीटर आणि 338 सेंटीमीटर.

टाइल ठरली होती बाजारात जिला "दोन बाय दोन" म्हणतात ती. बोलायला ती दोन फुटांची, पण पेटीवर 600 मिलीमीटर छापलेलं असतं. दोन फूट म्हणजे जवळपास 61 सेंटीमीटर, ही मात्र नेमकी 60 ची. एका टाइलमागे एक सेंटीमीटर कमी, म्हणजे सहा टाइलच्या ओळीत जवळपास सहा सेंटीमीटर. त्यामुळे चार टाइलची पेटी सोळा चौरस फुटांची नसते, साडेपंधराची असते.

दुकानदाराने कॅल्क्युलेटर घेऊन झटकन हिशेब केला. खोली 146 चौरस फूट, तूटफूट म्हणून पाच टक्के वाढवून 153, भागिले साडेपंधरा, आले 9.87. "दहा पेट्या घ्या सर, पुरतील." म्हणजे 40 टाइल. पुस्तकातल्या रीतीने हा हिशेब बिनचूक आहे.

घरी आल्यावर वहीच्या चौकटीच्या पानावर खोली काढली आणि ओळी मोजल्या. दोन टाइलमध्ये दोन मिलीमीटरचा सांधा धरला, म्हणजे एका टाइलला 60.2 सेंटीमीटर. लांबीत सहा पूर्ण टाइल बसतात, त्यांना 361 सेंटीमीटर लागतात आणि 40 उरतात. रुंदीत पाच पूर्ण बसतात, 301 जातात आणि 37 उरतात. पूर्ण टाइल झाल्या सहा गुणिले पाच, तीस. आता कडेच्या बघू.

लांबीच्या टोकाला 40 सेंटीमीटर रुंदीचे पाच तुकडे हवेत. एका टाइलमधून 40 चा तुकडा काढला की उरते 20 ची पट्टी. ती दुसऱ्या तुकड्याच्या जागी चालत नाही. म्हणून पाच तुकड्यांना पाच टाइल. रुंदीच्या कडेला 37 चे सहा तुकडे, उरणारी पट्टी 23 ची, तीही अपुरी. म्हणून सहा टाइल. शिवाय कोपऱ्याला एक. एकूण तीस, पाच, सहा आणि एक, म्हणजे 42.

दहा पेट्यांत टाइल 40 च. एकही न फोडता, एकही न बिघडवता दोन कमी पडल्या असत्या. दुकानदाराने फसवलं नव्हतं. क्षेत्रफळाच्या हिशेबात उरलेल्या पट्ट्याही फरशी म्हणून मोजल्या जातात. प्रत्यक्षात दोन 20 च्या पट्ट्या जोडून कोणी 40 चा तुकडा करत नाही.

यातून एक सोपी खूण हाती लागते. कडेचा तुकडा अर्ध्या टाइलपेक्षा थोडा जरी मोठा असेल, तरी प्रत्येक तुकड्याला अख्खी टाइल मोजायची. अर्ध्याहून लहान असेल तर एका टाइलमधून दोन निघतात. मात्र कटरचं पातंही दोन-तीन मिलीमीटर खातं, म्हणून बरोबर 30 चे दोन तुकडे निघत नाहीत. आपाच्या खोलीत दोन्ही कडा अर्ध्याच्या वर गेल्या, म्हणून तिथे क्षेत्रफळाचा हिशेब सगळ्यात जास्त चुकला. दोन्ही कडांना पंधरा-वीस सेंटीमीटरच उरले असते, तर दुकानदाराच्या दहा पेट्या पुरून उरल्या असत्या.

हा आकडा मी मिस्त्रींना दाखवला. ते म्हणाले, "सर, मी कुठून सुरुवात करणार ते आधी विचारा, मग मोजा." त्यांचं म्हणणं असं की कडेला चार बोटांची चिंधी येत असेल तर ते ती तशी ठेवत नाहीत, दिसायला वाईट दिसते आणि कापताना फुटतेही. मग ते एक पूर्ण टाइल कमी करून दोन्ही बाजूंना सारखे मोठे तुकडे घेतात. दिसायला छान, पण ते तुकडे अर्ध्याहून मोठे होतात आणि टाइल वाढतात. आपाच्या खोलीत 40 आणि 37 हे तुकडे बऱ्यापैकी रुंद होते, म्हणून त्यांनी दारापासून पूर्ण टाइल लावत जायचं ठरवलं. कापलेले तुकडे पलंगाच्या आणि कपाटाच्या बाजूला गेले.

मग निघाली स्कर्टिंगची गोष्ट, म्हणजे भिंतीच्या पायाशी उभी लावतात ती पट्टी. इथे त्या वाया जाणाऱ्या पट्ट्या कामाला येतात. खोलीचा घेर 14.78 मीटर, दाराचे 90 सेंटीमीटर वजा जाता 13.88. चार इंची स्कर्टिंग घेतली तर 20 च्या पट्टीतून एक निघते, कारण चार इंच म्हणजे दहा सेंटीमीटरला थोडं वरच. 23 च्या पट्टीतून दोन निघतात. सगळं मिळून साडेअकरा मीटरच्या आसपास. उरलेल्या सव्वादोन मीटरसाठी एक टाइल आणखी कापावी लागते. म्हणजे 43.

तुटीसाठी किती ठेवायच्या? माझं म्हणणं असं की काप आणि तूट एकाच टक्क्यात कोंबू नयेत. काप ओळी मोजून नक्की कळतात, अंदाज फक्त तुटीचा करायचा. वाहतुकीत कोपरा उडालेल्या टाइल या तुटीत धरायच्याच नाहीत. पेट्या उतरवताना उघडून बघायच्या आणि तिथेच बदलून मागायच्या. खरी तूट होते ती कापताना, विशेषतः दाराच्या चौकटीपाशी, जिथे टाइलला काटकोनात खाच पाडावी लागते. आपाच्या खोलीत अशा दोन जागा होत्या, म्हणून दोन टाइल ठेवल्या. एकूण 45.

पेटी चारची. अकरा पेट्यांत 44, बारा पेट्यांत 48. एका टाइलसाठी अख्खी पेटी, आणि पेटी साडेसातशे रुपयांची. आपाने कपाळाला हात लावला. मिस्त्री म्हणाले, "आपा, स्कर्टिंग तीन इंची करू या?" मी पुन्हा वही उघडली. तीन इंच म्हणजे साडेसात सेंटीमीटरला थोडं वर. आता 20 च्या पट्टीतूनही दोन निघतात आणि 23 च्या पट्टीतूनही दोन. सगळ्या मिळून 24 पट्ट्या, म्हणजे 14.4 मीटर. घेर भरतो, वेगळी टाइल कापावी लागत नाही. 42 आणि तुटीच्या दोन, बरोबर 44. एका इंचात एक पेटी वाचली. एवढं मात्र खरं की मधल्या पट्ट्यांना दोन्हीकडे कापलेली कड येते. ती कड मिस्त्रींनी पॉलिश पेपरने घासून घेतली.

हे जमलं ते पूर्णांक शेवटी एकदाच केल्यामुळे. आधी फरशीच्या पेट्या पूर्ण करा, मग स्कर्टिंगच्या, मग तुटीच्या, असं केलं तर प्रत्येक वेळी वरचा आकडा घ्यावा लागतो आणि पेट्या उगाच वाढतात. टाइल सगळ्या एकत्र मोजायच्या आणि पेटीने भागायचं काम सगळ्यात शेवटी. मात्र तेव्हा पाव पेटी आली तरी पुढची पूर्ण पेटी धरायची, मागे यायचं नाही.

तरीही 44 म्हणजे हिशेब अगदी काठावर. तिसरी टाइल फुटली तर? प्रत्येक पेटीवर बॅच आणि शेड छापलेली असते. एकाच नावाची टाइल दुसऱ्या भट्टीतून आली की रंगात फरक पडतो, कधी मापातही मिलीमीटरभर. शेजारच्या त्या दोन टाइलचं हेच झालं होतं. म्हणून आम्ही बारा पेट्या एकाच बॅचच्या घेतल्या आणि न उघडलेली पेटी पंधरा दिवसांत परत घेऊ, असं बिलावर लिहून घेतलं. तोंडी कबुली अशा वेळी उपयोगाची नसते.

काम झालं. चौकटीपाशी एक टाइल गेली, एक शिल्लक राहिली आणि बारावी पेटी न उघडता राहिली. मी परत न्यायला निघालो, तर आपाने थांबवलं. त्या खोलीच्या फरशीखालून न्हाणीचा पाइप जातो. उद्या तो गळला तर दोन-तीन टाइल फोडाव्या लागणार, आणि ही बॅच तोवर बाजारात नसणार. पाइप नसता तर तिने पेटी परत केली असती. साडेसातशे रुपये तिच्यासाठी कमी नाहीत.

अरबीत कस्र म्हणजे मोडणं. आपल्या उर्दू गणितात कसर म्हणजे अपूर्णांक, आणि मराठीत कसर म्हणजे उणीव. काटकसर हा शब्दही याच घरातला. टाइलच्या हिशेबात हे सगळे अर्थ एकत्र येतात: कडेचा अपूर्णांक, फुटणारी टाइल आणि कमी पडणारी पेटी. मुलांना आता मी ते पुस्तकातलं उदाहरण सोडवल्यावर आपल्याच वर्गाची लांबी-रुंदी टेपने मोजायला आणि ओळी काढायला सांगतो. आमच्या वर्गाचं उत्तर क्षेत्रफळाने 131 येतं आणि ओळींनी 144.