फ्रॉम माय चाइल्डहुड…

नोव्हेंबर आला की आमच्या हॉस्टेलमध्ये दोन प्रकारची माणसं रात्रभर जागी असतात. एक, ज्यांची सबमिशन्स राहिली आहेत. दुसरी, जी एमएससाठी बाहेर अप्लाय करताहेत. माझा रूम पार्टनर दुसऱ्या प्रकारातला. सिव्हिल, फायनल इयर, मूळ गाव चिपळूण. आणि मी कॉन्व्हेंटवाला, म्हणून अख्ख्या विंगचा बिनपगारी इंग्रजी तपासनीस! (माझ्या मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल मात्र संपादकांना विचारा.)

एका रात्री त्याने दोन पानं माझ्या हातात ठेवली. "एसओपी आहे रे. फक्त ग्रामर बघ. तीन आठवडे राहिलेत."

एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. मार्क त्यांना ट्रान्स्क्रिप्टमध्ये दिसतातच. हा विषयच का, त्यात आजवर काय केलं, पुढे काय शिकायचंय आणि ते इथेच का, हे एक-दोन पानांत सांगायचं असतं.

पहिलं वाक्य होतं, "फ्रॉम माय चाइल्डहुड आय हॅव बीन फॅसिनेटेड बाय सिव्हिल इंजिनिअरिंग." मी लाल पेन काढलं. 'फ्रॉम माय चाइल्डहुड'चं 'सिन्स चाइल्डहुड' केलं. 'फॅसिनेटेड'च्या आधी एक 'डीपली' घातलं. तासाभरात दोन्ही पानं चकाचक! सिस्टरने माझ्या वहीवर 'व्हेरी गुड' लिहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकलचा एक जण त्याची एसओपी घेऊन आला. पहिल्या वाक्यात तोही लहानपणापासून फॅसिनेटेड. म्हणून गंमत म्हणून एक प्रयोग केला. पार्टनरच्या पानांवर जिथे जिथे 'सिव्हिल' होतं तिथे पेन्सिलने 'मेकॅनिकल' लिहिलं आणि वाचून पाहिलं. दोन पानांत फक्त एक वाक्य बिघडलं. बाकी सगळं जसंच्या तसं चाललं! तेव्हा पोटात गोळा आला. मी काल जे तासभर घासूनपुसून चमकवलं, ते कोणाचंही असू शकत होतं.

बिघडलेलं एकमेव वाक्य असं होतं: "फायनल इयरला मी धारण तलावावर प्रोजेक्ट केला आणि त्यातून मला खूप शिकायला मिळालं."

त्या रात्री मी पेन बाजूला ठेवून त्याला विचारलं, "खूप म्हणजे काय शिकलास?"

तो वैतागला. "तुला ग्रामर बघायला सांगितलं होतं ना?"

पण बोलायला लागला. सिडकोने नवी मुंबई वसवली ती बरीचशी खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून. भरतीच्या वेळी खाडीची पातळी वर असते, त्यामुळे शहरातलं पावसाचं पाणी बाहेर पडू शकत नाही. म्हणून हे धारण तलाव. भरती असेपर्यंत पाणी त्यात थांबतं आणि ओहोटी लागली की खाडीत जातं. तोंडाशी फ्लॅप गेट असतं, म्हणजे एकाच बाजूला उघडणारी झडप. आतलं पाणी उंच असलं की ती ढकलली जाऊन उघडते, खाडीचं उंच झालं की बंद होते. मोटर नाही, माणूस नाही.

"मग तू काय केलंस?"

"एक्सेलमध्ये मॉडेल केलं. पाऊस किती, तलाव किती मोठा, तर पातळी किती वाढेल. मग पावसाळ्यात नऊ दिवस काठावर पट्टी रोवून दर अर्ध्या तासाने रीडिंग घेतलं. पण ते सोड, मॉडेल चुकलं."

"किती चुकलं?"

"एका भरतीत ६० सेंटिमीटर चढेल म्हणत होतं, चढलं ८५."

"का?"

इथे तो जरा सरसावून बसला. आधी त्याला वाटलं, गाळाने तलाव उथळ झालाय, म्हणून पातळी जास्त चढते. पण नऊपैकी एक दिवस पूर्ण कोरडा गेला, आणि त्या दिवशीही भरतीला पाणी १८ सेंटिमीटर चढलं. पाऊस नाही, तर पाणी आलं कुठून? दुसऱ्या दिवशी ओहोटीला जाऊन पाहिलं तर झडपेत प्लास्टिक आणि फांद्या अडकलेल्या. गेट पूर्ण मिटतच नव्हतं, खाडीच उलटी आत येत होती. मॉडेलमध्ये याने धरलं होतं की गेट घट्ट बंद होतं.

"हे एसओपीत का नाही?"

"वेडा आहेस का? चूक कोण लिहितं?"

मला ते फारच लागलं. दोन पानांत जे एकमेव त्याचं स्वतःचं होतं, ते त्याने लाजून लपवलं होतं आणि त्याच्या जागी 'पॅशनेट', 'हार्डवर्किंग', 'टीम प्लेयर' भरले होते. आणि मी त्यांचं स्पेलिंग तपासलं होतं!

मग आम्ही प्रत्येक पॅरेग्राफसमोर मार्जिनमध्ये लिहिलं, हा काय काम करतो? पहिला: बालपण. दुसरा: मार्क आणि बक्षिसं. तिसरा: प्रोजेक्ट, एक ओळ. चौथा: विद्यापीठाची स्तुती. दुसरा आणि तिसरा अदलाबदल करून वाचले, काहीच फरक पडेना. म्हणजे एकातून दुसरा निघतच नव्हता, नुसती यादी होती. चौथ्यात तर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या अर्जात एका अमेरिकन विद्यापीठाचं नाव राहिलं होतं! आठ अर्जांना एकच पान वापरलं की असं होतं.

नवीन मसुदा कोरड्या दिवसाच्या त्या १८ सेंटिमीटरने सुरू झाला. मग मॉडेल, चूक, कारण. मग तो कुठे अडला ते: अर्धवट उघड्या गेटमधून किती पाणी आत येतं, हे बदलत्या भरतीबरोबर मोजायचं कसं, ते आपल्या सिलॅबसमध्ये त्याला सापडलं नाही. आणि त्यातूनच 'इथेच का' आलं. समुद्रसपाटीखालच्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या पाणी अडवणाऱ्यांचा देश तो. डेल्फ्टच्या कोर्सच्या यादीतून त्याने स्वतःच्या अडचणीला लागणारे दोनच विषय निवडले आणि प्रत्येक का हवा ते एकेका वाक्यात लिहिलं. स्तुती आपोआप गेली. मार्क एका ओळीत आले.

एका गोष्टीवरून मात्र वाजलं. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात त्याच्या घरात छातीएवढं पाणी होतं. मला वाटलं, सुरुवात याचीच हवी! तो म्हणाला, "पूर अख्ख्या गावाने पाहिला रे. त्याचे मार्क मला कशाला?" शेवटी पूर एका वाक्यात राहिला, तिसऱ्या पॅरेग्राफमध्ये, काठावर नऊ दिवस का बसलो याचं कारण म्हणून. तो बरोबर होता.

शेवटी पुन्हा 'सिव्हिल'चं 'मेकॅनिकल' करून पाहिलं. दुसऱ्याच ओळीत सगळं कोसळलं. आम्ही खूश! मग मेसमधला थंड चहा प्यायलो आणि राहिलेलं ग्रामर तपासलं. चारच चुका होत्या.

अर्ज गेलाय. उत्तर अजून नाही.

पुढच्या वर्षी माझी पाळी. परवा सहज वही उघडून पहिलं वाक्य लिहून बघितलं. कॉन्व्हेंटचं इंग्रजी, एकही चूक नाही: "सिन्स चाइल्डहुड, आय हॅव बीन डीपली फॅसिनेटेड…"