टूलरूममधली रिकामी जागा

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये मी टूलरूम सांभाळत होतो. खोली 15 बाय 12 फुटांची. टर्निंग, मिलिंग आणि मेंटेनन्स या तिन्ही विभागांची, दोन्ही शिफ्टची मिळून ती एकच. दरवर्षी खंडेनवमीला आम्ही सगळे ती झाडूनपुसून लख्ख करायचो. हत्यारांना हळदकुंकू वाहायचं, दाराला झेंडूचं तोरण बांधायचं. दिवाळी यायच्या आत खोली पुन्हा पहिल्यासारखी व्हायची.

एकदा दुसऱ्या शिफ्टला एम-8 चा टॅप सापडला नाही, म्हणून मशिन पाऊण तास उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी नवे टॅप मागवले आणि त्याच आठवड्यात एका ड्रॉवरच्या तळाशी, कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेले तसलेच तीन टॅप निघाले. टंचाई टॅपची नव्हतीच. तो कुठे असतो याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं होतं. तेव्हा आम्ही फाइव्ह एस मनावर घेतलं. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू आणि शित्सुके हे ते पाच जपानी शब्द: नको ते काढणं, हवं त्याला जागा देणं, साफसफाई, ठरलेली पद्धत आणि तिची सवय.

पहिली पायरी सोपी वाटली होती. सगळं सामान बाहेर शेडमध्ये काढलं. एकट्या 12-13 च्या पान्याचे अकरा नग निघाले. त्यांतल्या पाचांचे जबडे इतके झिजले होते की बोल्टचे कोपरेच गोल करतील. ते भंगारात टाकताना कुणाचा हात अडला नाही. अडला तो जुन्या फिक्स्चरवर आणि अर्धवट बेअरिंगच्या खोक्यांवर. ‘लागेल कधीतरी’ हे वाक्य त्या दिवशी मी शंभरदा ऐकलं असेल. अशा वस्तूंना आम्ही लाल टॅग बांधला. त्यावर तारीख आणि ‘शेवटचं कधी वापरलं, कोणी’ एवढंच लिहायचं. टॅग लावलेला माल वेगळ्या कोपऱ्यात 30 दिवस ठेवायचा. या मुदतीत कुणी सही करून मागितला नाही, तर तो बाहेर.

यात माझी एक मोठी चूक झाली. एका फिक्स्चरवर तीस दिवसांत कुणी सही केली नाही आणि मी ते भंगारवाल्याला दिलं. दोन महिन्यांनी त्याच जॉबची ऑर्डर आली. ती वर्षातून एकदाच यायची. फिक्स्चर नव्याने बनवण्यात चार दिवस गेले. टॅगची मुदत सगळ्यांना सारखी लावणं चुकीचं होतं. स्पॅनर, ड्रिल अशा बाजारात लगेच मिळणाऱ्या वस्तूंना 30 दिवस पुरे आहेत. जी वस्तू पुन्हा बनवावी लागेल, तिच्याबाबत आधी वर्षभराच्या ऑर्डरी बघायच्या आणि मगच ठरवायचं, हा नियम त्यानंतर आला.

दुसऱ्या पायरीत आम्ही प्लायवुडचा फळा केला. प्रत्येक हत्यार त्यावर ठेवून पेन्सिलने कडा आखली आणि आतला भाग लाल रंगाने भरला. हत्यार उचललं की त्याची लाल सावली उघडी पडायची. फळा सुंदर दिसत होता. तरी आठवडाभरात निम्म्या सावल्या दिवसभर उघड्याच राहू लागल्या. मला वाटलं, पोरांना शिस्त नाही. आमच्याकडचे फिटर मामा म्हणाले, “साहेब, टर्निंगवाल्याला 12-13 चा पाना तासाला दोनदा लागतो. तो दर वेळी इथवर कशाला येईल? तो आपल्या मशिनवरच ठेवणार.”

त्यांचं खरं होतं. मी तीन दिवस एक वही घेऊन कोण काय नेतं ते नुसतं टिपून ठेवलं. रोज अनेकदा लागणारी चार हत्यारं प्रत्येक मशिनवरच, छोट्या फळीवर दिली. टूलरूममध्ये उरली ती कधीमधी लागणारी, खरोखर सामाईक हत्यारं. जी एकत्र लागतात ती एकत्र ठेवली. एम-8 च्या टॅपशेजारी त्याचं 6.8 चं ड्रिल आणि टॅप हँडल, तिन्ही एकाच खाचेत. आधी ड्रिल ड्रिलच्या खणात आणि टॅप टॅपच्या खणात असायचे. यादीत ते नीट दिसायचं, पण माणसाला दोन ठिकाणी शोधावं लागायचं.

सामाईक जागेत आणखी एक प्रश्न उरतो. सावली उघडी आहे हे दिसतं, पण हत्यार कुणाकडे आहे हे कळत नाही. म्हणून प्रत्येकाला त्याचा नंबर ठोकलेले पाच पितळी बिल्ले दिले. हत्यार घेताना बिल्ला त्या खुंटीला अडकवायचा. पाचही बिल्ले फळ्यावर असतील तर सहावी वस्तू मिळत नाही, आधी एक आणून द्यावी लागते. रजिस्टरमध्ये लिहायला कुणाला वेळ नसायचा. बिल्ला अडकवायला क्षणभर पुरतो.

साफसफाईने मला वेगळंच शिकवलं. रॅकखालची फरशी पुसली की दोन दिवसांत नेमक्या त्याच जागी तेलाचा डाग यायचा. आधी सगळीच फरशी काळी असल्याने तो कधी दिसला नव्हता. शोध घेतल्यावर हायड्रॉलिक तेलाच्या बॅरलचा नळ गळत असल्याचं निघालं. वॉशर बदलला आणि डाग थांबला. तेव्हापासून पुसणाऱ्याने नुसतं पुसायचं नाही, कुठे काय पुन्हा दिसलं ते सांगायचं, असं ठरलं.

खोली टिकली ती चौथ्या पायरीमुळे. खोली नीट असताना तिचा फोटो काढून दाराला आतून लावला. म्हणजे ‘नीट’ म्हणजे काय यावर वाद नको. साडेतीनला शिफ्ट बदलते. जाणारा आणि येणारा, दोघांनी फळ्यासमोर उभं राहून एकच गोष्ट बघायची: बिल्ला नसलेली उघडी सावली आहे का? असेल तर ती हत्यार सापडेपर्यंत दोघांची जबाबदारी. येणाऱ्याने फळा ताब्यात घेतला की मग ती त्याची. या कामाला पाच मिनिटंही लागत नाहीत.

मधल्या काळात आम्ही दरमहा शंभरपैकी गुण देऊन पाहिले. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळा पसारा कपाटांत जायचा आणि गुण वाढायचे. गुण बंद केले आणि कपाटांची दारं स्क्रू काढून उतरवली. लपवायला जागा राहिली नाही.

पुढच्या खंडेनवमीला आम्ही नेहमीसारखे लवकर आलो. साफसफाईसाठी दुपारपर्यंतचा वेळ राखून ठेवला होता. धूळ झाडून अर्ध्या तासात मोकळे झालो. फळ्याला हळदकुंकू लावताना मिलिंगचा एक पोरगा थबकला. मधल्या रांगेत 18-19 च्या पान्याची सावली उघडी होती आणि खुंटीवर बिल्ला नव्हता. पूजा तशीच थांबवून तो शॉपमध्ये गेला, तीन नंबरच्या लेथखालून पाना घेऊन आला, पुसून जागेवर अडकवला आणि मग त्यालाही कुंकू लावलं.